गोळी का लागू पडली नाही: घसादुखी, दोन अँटिबायोटिक आणि एक पुरळ

हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे, पण यातला एकही टप्पा काल्पनिक वाटावा असा नाही. घशाचे रुग्ण रोज तपासणाऱ्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

रुग्ण १७ वर्षांची मुलगी, वजन ५२ किलो, आधीचा कोणताही मोठा आजार नाही. तीन दिवसांपासून ताप, १०२ अंशांपर्यंत चढणारा. घसा इतका दुखतो की आवंढा गिळवत नाही. खोकला नाही, सर्दी नाही. टॉन्सिल दोन्ही बाजूंनी सुजलेले, लाल, त्यांवर पांढुरके चट्टे. जबड्याखालच्या गाठी मोठ्या आणि दाबल्यावर दुखणाऱ्या.

घशाचा संसर्ग जिवाणूचा असण्याची शक्यता किती, हे ठरवायला डॉक्टर सेंटर गुणपद्धती वापरतात. ताप, टॉन्सिलवर चट्टे, मानेच्या पुढच्या भागातल्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे, अशा चार गोष्टींना प्रत्येकी एक गुण. या मुलीला चारपैकी चार गुण मिळाले. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जिवाणूचा संसर्ग धरून तिला अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १० दिवस, असे लिहून दिले गेले. स्ट्रेप असता तर औषध, डोस आणि मुदत तिन्ही बरोबर होती. घशाचा स्वॅब मात्र घेतला गेला नाही.

इथे गुणांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. चारपैकी चार गुण पडले तरी स्ट्रेप असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. उरलेल्या निम्म्यांत बहुतेक विषाणूच असतात. गुणपद्धतीचा खरा उपयोग कोणाची चाचणी करायची आणि कोणाची नाही हे ठरवण्यासाठी आहे. तिच्या जोरावर थेट औषध सुरू केले तर दोघांपैकी एकाला नको असलेली गोळी मिळते. स्ट्रेपची झटपट अँटिजेन चाचणी काही मिनिटांत होते. स्ट्रेप असलेल्या १०० जणांपैकी साधारण ८५ जणांत ती तो पकडते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर सहसा खोटी नसते.

चार दिवस गोळ्या घेऊन झाल्या. ताप तसाच, गिळणे आणखी अवघड, आणि दिवसभर अंथरुणातून उठवत नाही असा थकवा. आजाराच्या सातव्या दिवशी आई तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. "डॉक्टर, चार दिवस झाले, गोळी लागूच पडत नाहीये. जरा स्ट्राँग काहीतरी द्या ना." अ‍ॅमॉक्सिसिलिन बंद झाले आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, रोज एक, तीन दिवस, असे सुरू झाले.

आईचे निरीक्षण अगदी अचूक होते. निष्कर्ष चुकला. स्ट्रेपचा घसा योग्य औषधाने दोन दिवसांत हलका पडू लागतो. खरे तर औषध न देताही त्याचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. गोळीने त्रास सुमारे एका दिवसाने कमी होतो. स्ट्रेपला अँटिबायोटिक देण्यामागे मोठे कारण संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टाळणे हे आहे, आणि त्यासाठी आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी चालते. म्हणजे चाचणीसाठी एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट: स्ट्रेप पायोजेनिस पेनिसिलिनला दाद देत नाही अशी उदाहरणे दवाखान्यात भेटत नाहीत. इतक्या दशकांच्या वापरानंतरही हा जिवाणू त्या औषधापुढे टिकत नाही. त्यामुळे अ‍ॅमॉक्सिसिलिन नियमित घेऊनही ७२ तासांत काहीच फरक नसेल, तर पहिली शंका औषधावर न घेता निदानावर घ्यायची असते.

नवव्या दिवशी छाती-पोटावर लालसर, थोडे उंचवट्याचे पुरळ उठले आणि संध्याकाळपर्यंत हातांवर, चेहऱ्यावर पसरले. खाज होती. ओठांना सूज नाही, धाप नाही, तोंडात फोड नाहीत, कातडी कुठे सोलवटलेली नाही. घरच्यांनी अर्थातच नव्या गोळीला दोष दिला.

या वेळी तपासणी सावकाश झाली. मानेच्या मागच्या बाजूच्या, कानामागून खाली उतरणाऱ्या रांगेतल्या गाठीही मोठ्या होत्या. वरच्या पापण्या सुजलेल्या होत्या. डाव्या बरगडीखाली प्लीहेची, म्हणजे पाणथरीची, कड हाताला लागत होती. स्ट्रेपच्या घशात यांपैकी काहीही अपेक्षित नसते. रक्तात पांढऱ्या पेशी १४,८०० होत्या. आकडा वाढलेला पाहून 'जिवाणूच' असे म्हणण्याची घाई इथे नेहमी होते; बघायचे असते ते त्यांतले प्रमाण. लिम्फोसाइट ६२ टक्के होते, आणि एकूण पांढऱ्या पेशींपैकी १८ टक्के वेड्यावाकड्या आकाराचे, ज्यांना अहवालात 'अटिपिकल' लिहितात. एसजीपीटी १४८, म्हणजे यकृतालाही थोडी झळ. हेटरोफाइल अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह. निदान: संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस, कारण एपस्टीन-बार विषाणू.

ही हेटरोफाइल चाचणी पहिल्या आठवड्यात चारपैकी सुमारे एका रुग्णात निगेटिव्ह येते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ती केली असती तर कदाचित दिशाभूलच झाली असती. शंका पक्की असेल तर आठवड्याने पुन्हा करायची किंवा विषाणूच्या कवचाविरुद्धची आयजीएम अँटिबॉडी तपासायची. उलट, घशाचा स्वॅब नवव्या दिवशी घेऊन उपयोग नव्हता. सहा दिवस अँटिबायोटिक पोटात गेल्यावर स्ट्रेप असला तरी सापडला नसता. त्या चाचणीची वेळ पहिल्या गोळीच्या आधीची होती.

पहिली गोळी कुठे चुकली

अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध. ते नेमके काय करते हे पाहिले की या मुलीच्या घशात त्याला करण्यासारखे काही का नव्हते ते आपोआप उलगडते.

स्ट्रेप हा जिवाणू म्हणजे पूर्ण पेशी आहे. व्यास एक मायक्रोमीटरच्या आत, पण त्यात स्वतःचा डीएनए आहे, साधारण १८ लाख अक्षरांचा. प्रथिने बनवणारे स्वतःचे रायबोसोम आहेत, अन्नातून ऊर्जा काढायची यंत्रणा आहे. पोषक द्रव मिळाला की तो कोणाच्याही मदतीविना वाढतो आणि मधोमध दुभागून दोन होतो. त्याच्या आत इतके पदार्थ विरघळलेले असतात की बाहेरचे पाणी सतत आत घुसू पाहते, आणि आतला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. पातळ पेशीपटल एकटे हा दाब पेलू शकत नाही. म्हणून त्याभोवती पेशीभित्तिका असते, पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची.

ही भित्तिका म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांना लटकलेली अमिनो आम्लांची छोटी शेपटे. प्रत्येक शेपटाच्या टोकाला डी-अलानिन हे अमिनो आम्ल लागोपाठ दोनदा असते. एक विकर हे टोक पकडते, शेवटचे अलानिन तोडते आणि मोकळे झालेले टोक शेजारच्या साखळीला सांधते. असे लाखो सांधे जुळले की जाळी घट्ट होते. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे, बीटा-लॅक्टम कडे. त्याचा आकार त्या दोन अलानिनच्या टोकाशी इतका जुळतो की विकर फसते आणि शेपटाऐवजी औषधालाच पकडते. कडे फुटते आणि औषध विकराला पक्के चिकटते. ते विकर आता कायमचे निकामी.

जिवाणू मात्र वाढत असतो. वाढण्यासाठी जुन्या भित्तिकेत जागोजाग काप घ्यावे लागतात, आणि ते काप घेणारी विकरे चालूच राहतात. काप पडतात, सांधे बसत नाहीत, आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. म्हणूनच पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूंना मारते आणि स्वस्थ पडून असलेल्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नसते, ते विकरही नसते, त्यामुळे हे औषध माणसाला मोठ्या डोसमध्येही सहसा सोसते.

आता एपस्टीन-बार विषाणू घ्या. १९६४ मध्ये एपस्टीन, अचाँग आणि बार यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला. साध्या सूक्ष्मदर्शकाने तो दिसणे शक्यच नव्हते. मधोमध सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांचा डीएनए, म्हणजे स्ट्रेपच्या दहाव्या हिश्शाहून कमी. त्याभोवती प्रथिनांचे कवच, आणि बाहेर एक स्निग्ध आवरण, जे त्याने पेशीतून निघताना आपल्याच पटलांतून ओढून नेलेले असते. बस्स. भित्तिका नाही, आतला दाब नाही, श्वसन नाही, वाढ नाही. पेशीबाहेरचा विषाणूचा कण काहीच करत नसतो, त्यामुळे त्याचे काही बंद पाडताही येत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनला ज्या विकराला चिकटायचे ते विकर ना विषाणूत होते, ना त्या मुलीच्या पेशीत. गोळ्या रक्तात पोचल्या, टॉन्सिलपर्यंतही पोचल्या, आणि लघवीवाटे निघून गेल्या.

आकारावरून विषाणू-जिवाणू वेगळे करायची सवय शाळेपासून लागलेली असते. ती बहुतेक वेळा चालते, पण फरकाचे मूळ तिथे नाही. अमीबात राहणारा मिमीव्हायरस इतका मोठा आहे की १९९२ मध्ये सापडल्यावर त्याला आधी जिवाणूच समजले गेले; २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले. त्याचा डीएनए १२ लाख अक्षरांचा आहे, पण स्वतःचे रायबोसोम त्यालाही नाहीत. उलट बाजूला मायकोप्लाझ्मा हा न्यूमोनिया करणारा अस्सल जिवाणू आहे आणि त्याला पेशीभित्तिका नाही. त्यामुळे जिवाणू असूनही त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिन चालते. औषध 'जिवाणू' या नावाला मारत नाही. त्याला धरायला एक ठरावीक सुटा भाग लागतो, आणि तो भाग समोर असेल तरच ते काम करते.

दुसरी गोळी वेगळ्या कारणाने चुकली

अ‍ॅझिथ्रोमायसिनचा भित्तिकेशी संबंध नाही. ते जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन बसते. रायबोसोमच्या मोठ्या भागात एक अरुंद बोगदा असतो, ज्यातून नवे बनलेले प्रथिन बाहेर सरकते. औषध त्या बोगद्यात अडकते, प्रथिनाची साखळी अर्ध्यावर थांबते, आणि जिवाणूची वाढ खुंटते. जिवाणूच्या आणि आपल्या पेशीरसातल्या रायबोसोमची बांधणी वेगळी आहे. औषध जिवाणूच्या बोगद्यात चपखल बसते, आपल्याकडे बसत नाही.

'विषाणू पेशीच्या आत लपतो, गोळी आत पोचत नाही' असे पुष्कळदा सांगितले जाते. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या बाबतीत तर ते उलटेच आहे. हे औषध आपल्या पेशींच्या आत रक्तापेक्षा किती तरी पट जास्त साठते. ते आत पोचले होते. आत गेल्यावर त्याला पकडायला काही मिळाले नाही.

कारण असे. एपस्टीन-बार विषाणू लाळेतून घशात येतो आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी२१ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो. आत गेल्यावर तो स्वतःचा डीएनए पेशीच्या केंद्रकात सोडतो. तिथून निघणारे संदेश आपल्याच पेशीचे रायबोसोम वाचतात आणि विषाणूची प्रथिने बनवून देतात. ज्या यंत्रावर घाव घालायचा ते यंत्र रुग्णाचे स्वतःचे असते. त्याला बंद पाडणारे औषध विषाणूला थांबवेलही, पण सोबत रुग्णाच्या पेशीही थांबतील. गोळी 'स्ट्राँग' केल्याने हा पेच सुटत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन अ‍ॅमॉक्सिसिलिनपेक्षा जोरकस नाहीच. त्याचे लक्ष्य वेगळे आहे, इतकेच. स्ट्रेपच्या बाबतीत तर ते डावेच ठरते, कारण त्याला दाद न देणारे स्ट्रेप अनेक ठिकाणी सापडतात.

मग विषाणूविरोधी औषध का दिले नाही, हा प्रश्न आईने विचारला आणि तो रास्त होता. अशी औषधे आहेत, पण ती विषाणूने स्वतः बनवलेल्या एखाद्या विकरावर नेमलेली असतात, म्हणून एकेका विषाणूगटापुरतीच चालतात. एसायक्लोव्हिर हे विषाणूचा डीएनए जोडणाऱ्या विकराला अडवते आणि ते या विषाणूवर काही प्रमाणात चालतेही: घशातून बाहेर पडणारे विषाणू कमी होतात. आजार मात्र लवकर बरा होत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे गेलेले असतात. अहवालातल्या त्या वेड्यावाकड्या लिम्फोसाइट पेशी विषाणूने भरलेल्या नसतात. त्या बहुतांशी टी पेशी असतात, म्हणजे संसर्ग झालेल्या बी पेशींना मारायला निघालेले आपलेच सैनिक. ताप, सुजलेले टॉन्सिल, मोठी प्लीहा हे बरेचसे या लढाईचे परिणाम आहेत. विषाणूची नक्कल थांबवून लढाई लगेच थांबत नाही. शिवाय काही बी पेशींत विषाणूचा डीएनए गप्प पडून राहतो, आयुष्यभर. गप्प असताना तो हे विकर वापरतच नाही, त्यामुळे एसायक्लोव्हिरही तिथे निष्प्रभ.

पुरळाचा उलगडा आणि पुढची काळजी

मोनोन्यूक्लिओसिसमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन दिले की पुष्कळांना असे पुरळ उठते. १९६० च्या दशकातल्या नोंदींत अ‍ॅम्पिसिलिन घेतलेल्या जवळपास सगळ्यांना ते उठल्याचे दिसते; अलीकडच्या पाहण्यांत अ‍ॅमॉक्सिसिलिनसाठी हे प्रमाण साधारण तीनात एक इतके आढळले आहे. ते औषध सुरू केल्यावर बहुधा पाचव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास येते, कधी औषध थांबल्यानंतरही. या मुलीचे पुरळ अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या पहिल्या गोळीनंतर सहाव्या दिवशी उठले. अ‍ॅझिथ्रोमायसिनला तोवर दोनच दिवस झाले होते. वेळेचा हिशेब पाहता दोष बहुधा पहिल्या गोळीकडे जातो, जरी ती बंद होऊन दोन दिवस झाले होते. विषाणूमुळे पेटलेल्या रोगप्रतिकार यंत्रणेत औषधाला तात्पुरती प्रतिक्रिया उमटते. बहुतेकांत ती पेनिसिलिनची कायमची अ‍ॅलर्जी नसते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन थांबवले. तापासाठी आणि घशासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, गरजेनुसार दर सहा तासांनी, यकृताला झळ असल्याने दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नाही. भरपूर पाणी. स्टिरॉइड दिले नाही. श्वासमार्ग बंद होण्याइतके टॉन्सिल सुजले तरच त्याचा विचार होतो. आईला लिहून दिले की श्वास घेताना घरघर झाली, लाळही गिळता येईना किंवा पोटात डाव्या बाजूला अचानक कळ आली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे. शेवटची खूण प्लीहा फाटल्याची असू शकते. म्हणून आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे धक्काबुक्कीचे खेळ आणि जड ओझे उचलणे बंद. बरे वाटू लागले तरी बंदच, कारण प्लीहा मोठी असतानाच ताप उतरतो आणि मुले मैदानावर पळतात.

पुरळ सहा दिवसांत मावळले, ताप दोन आठवडे संपताना गेला, थकवा आणखी महिनाभर रेंगाळला. मोनोन्यूक्लिओसिसचा हा नेहमीचा क्रम आहे आणि तो गोळ्यांविनाही असाच झाला असता.

एक काम उरले होते, आणि ते सर्वांत सहज विसरले जाते. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर पुरळ पाहून कोणीतरी 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' असे लिहून ठेवले होते. हे दोन शब्द पुढे वर्षानुवर्षे फाइलमधून फाइलमध्ये उतरतात, आणि उद्या तिला खरोखर जिवाणूचा न्यूमोनिया झाला तर सर्वांत योग्य औषध बाजूला ठेवून जास्त दुष्परिणामांचे औषध दिले जाते. नोंद बदलून अशी लिहिली: 'एपस्टीन-बार संसर्गात अ‍ॅमॉक्सिसिलिननंतर सहाव्या दिवशी लालसर पुरळ, अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप, तोंडात फोड यांपैकी काही नाही, बरे झाल्यावर अ‍ॅलर्जी तपासणी करावी.' काही महिन्यांनी डॉक्टरांच्या नजरेखाली अ‍ॅमॉक्सिसिलिनचा चाचणी डोस देऊन पाहायचा, काही झाले नाही तर अ‍ॅलर्जीची नोंद पुसायची. गोळी घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या असत्या किंवा कातडी सोलवटली असती, तर मात्र हा मार्ग वेगळा असता. कातडी सोलवटणाऱ्या प्रतिक्रियेनंतर असा चाचणी डोस देत नाहीत.